मोबाइलवरच्या फोटोतून फॉर्म १६ वाचताना: उत्पन्न, वजावट आणि आधीच भरलेला कर वेगळे कसे काढायचे

पहिल्यांदा रिटर्न भरणाऱ्या पोरापोरींच्या हातात फॉर्म १६, म्हणजे वर्षभराचा पगार आणि त्यातून कापलेला कर यांचा नोकरी देणाऱ्या मालकाने दिलेला दाखला, हल्ली कागद म्हणून कमीच येतो. ऑफिसातल्या अकाउंटवाल्याने टेबलावरच्या प्रिंटचा फोटो काढलेला असतो, तो व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत येतो आणि मग तो आमच्यासारख्या घरातल्या 'आकडेवाल्या' माणसाकडे पोचतो. इंदूरला दर जूनमध्ये माझ्याकडे असे चारदोन फोटो येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "मामा, यात माझा पगार कुठला, सूट कुठली, आणि कर भरलाय की भरायचाय?"

या लेखात त्याच तीन गोष्टी एका कोऱ्या कागदावर उतरवायच्या आहेत. रिटर्नचा फॉर्म कसा भरायचा हा पुढचा विषय. पण हा कागद नीट झाला तर तो फॉर्म अर्ध्या तासाचं काम आहे, आणि हा कागदच चुकला तर वर्षभराने नोटीस येते.

उदाहरण म्हणून ग्वाल्हेरहून इंदूरला नोकरीला आलेल्या माझ्या भाचीचा फॉर्म घेतो. आकडे थोडे बदलले आहेत, मांडणी खरी आहे. वर्ष २०२४-२५, म्हणजे आकारणी वर्ष २०२५-२६. तिने ऑफिसात जुनी करपद्धत निवडली होती. विजयनगरला खोलीभाडं भरते, पीपीएफ आहे, विमा आहे, त्यामुळे तिला जुनीच परवडत होती.

जवळ काय ठेवायचं

- फॉर्म १६ च्या सगळ्या पानांचे फोटो, भाग ए आणि भाग बी दोन्ही
- एप्रिल ते मार्च अशा बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा
- पॅन, आणि आयकर पोर्टलचा लॉगिन
- भाडेपावत्या, विम्याच्या पावत्या, पीपीएफचं पासबुक (जुनी पद्धत असेल तरच)
- बँकेच्या खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट
- कोरा कागद, पेन, कॅल्क्युलेटर

१. आधी फोटो वाचण्याजोगा करा

आलेला फोटो धूसर असेल तर त्यावर डोळे फोडू नका, परत मागवा. मागताना सांगा की व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साध्या फोटोसारखा पाठवला की तो आकसतो, आणि आकसलेल्या फोटोत ३ आणि ८ सख्खे भाऊ दिसतात. पान सपाट टेबलावर असावं, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद. चारही कोपरे फोटोत आले पाहिजेत. उजवी कड कापली गेली तर नेमका रकमांचा शेवटचा रकाना जातो, आणि या फॉर्ममध्ये शेवटचा रकानाच कामाचा आहे.

खरं तर मूळ पीडीएफ मागणं हेच सगळ्यात बरं. भाग ए मालकाला आयकर खात्याच्या ट्रेसेस या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा लागतो, म्हणजे ऑफिसात पीडीएफ असतेच. मागायला लाजू नका. मिळेपर्यंत फोटोवर काम चालू शकतं, कारण रिटर्नला फॉर्म १६ जोडावा लागत नाही. फक्त आकडे बरोबर हवेत.

आणि हो, हा फोटो मित्रांच्या ग्रुपवर 'कोणी समजावेल का' म्हणून टाकू नका. त्यात तुमचा पॅन, पत्ता, पगार सगळं आहे.

२. फॉर्म तुमचाच आहे आणि याच वर्षाचा आहे ना?

हसू नका. छोट्या ऑफिसात दोन सारख्या आडनावांची पानं सहज अदलाबदल होतात, त्यातून आपल्याकडे कुलकर्णी आणि जोशी काही कमी नाहीत.

पॅन जुळवा. पॅनमध्ये पहिली पाच अक्षरं, मग चार अंक, शेवटी एक अक्षर असतं, आणि व्यक्तीच्या पॅनचं चौथं अक्षर 'पी'. त्यामुळे फोटोत गोल दिसणारं चिन्ह शून्य आहे की 'ओ' हे त्याच्या जागेवरूनच कळतं. मालकाचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, चार अक्षरं, पाच अंक, एक अक्षर असा असतो. इंदूरच्या कंपनीचा टॅन सहसा 'बीपीएल' ने सुरू होतो, तेव्हा 'भोपाळची कंपनी कशी आली' म्हणून दचकू नका. मुख्य कचेरी मुंबईची असेल तर अक्षरं वेगळी असतील.

वर्ष पाहताना आकारणी वर्ष म्हणजे पगाराच्या वर्षाच्या पुढचं वर्ष हे ध्यानात ठेवा. फॉर्मवर २०२५-२६ लिहिलेलं असेल तर पगार एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ चा. खाली नोकरीचा कालावधी असतो. भाची वर्षभर एकाच जागी होती, म्हणून तिथे १ एप्रिल ते ३१ मार्च होतं. तुम्ही मध्येच नोकरी बदलली असेल तर तुमचे दोन फॉर्म असले पाहिजेत. त्याबद्दल खाली लिहिलंय.

३. उत्पन्न: भाग बी, वरून खाली

भाग बीच्या सुरुवातीलाच एक ओळ असते: कलम ११५बीएसी मधून बाहेर पडायचं निवडलंय का? 'येस' म्हणजे जुनी पद्धत, 'नो' म्हणजे नवी. पुढचं सगळं या एका शब्दावर अवलंबून आहे, म्हणून तो कागदावर सगळ्यात वर लिहा.

मग 'ग्रॉस सॅलरी'. कलम १७(१) चा पगार, १७(२) च्या सवलतींची किंमत, १७(३) ची पगाराच्या बदल्यात मिळालेली रक्कम, आणि त्यांची बेरीज. भाचीचा १७(१) होता ८,३४,६००, बाकी दोन शून्य. हा आकडा हातात आलेल्या पगाराशी जुळणार नाही, जुळायचाही नाही. बँकेत येतो तो पीएफ, प्रोफेशनल टॅक्स आणि टीडीएस, म्हणजे मालकाने आधीच कापून सरकारला भरलेला आयकर, हे सगळं कापून उरलेला. स्लिपांवरच्या 'ग्रॉस' ची बारा महिन्यांची बेरीज करा, ती जवळपास जुळली पाहिजे.

पुढे कलम १० ची सूट. तिच्यात घरभाडे भत्ता १,०२,००० होता. हा आकडा कुठून आला ते एकदा स्वतः काढून पाहा. तिचं मूळ वेतन वर्षाला ४,२०,०००, भत्ता १,६८,०००, भरलेलं भाडं १,४४,०००. मिळालेला भत्ता, मूळ वेतनाचे ४० टक्के (इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा सगळीकडे ४०च), आणि भाडं वजा मूळ वेतनाचे १० टक्के, या तिघांत जे कमी ते. १,४४,००० मधून ४२,००० गेले की १,०२,०००. जुळलं. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर आहे, म्हणून घरमालकाचा पॅन ऑफिसात दिलेला असतो. तो जवळ ठेवा.

मग कलम १६ ची वजावट: जुन्या पद्धतीत ५०,००० प्रमाणित वजावट आणि प्रोफेशनल टॅक्स. मध्य प्रदेशात चार लाखांवर पगार असला की वर्षाचे २,५०० कापतात, अकरा महिने २०८ आणि एक महिना २१२. बडोद्याच्या वाचकांचे महिन्याला २०० म्हणजे वर्षाचे २,४०० दिसतील. हा आकडा स्लिपांवरून ताडून पाहायला सोपा आहे.

कागदावर असं उतरलं:

- एकूण पगार ८,३४,६००
- वजा घरभाडे भत्ता १,०२,००० = ७,३२,६००
- वजा कलम १६ चे ५२,५०० = ६,८०,१००, पगाराखालचं करपात्र उत्पन्न

नवी पद्धत असती तर घरभाड्याची सूटही नाही आणि प्रोफेशनल टॅक्सची वजावटही नाही, फक्त ७५,००० ची प्रमाणित वजावट. 'स्लिपवर तर कापलाय, फॉर्ममध्ये शून्य का' असा फोन मला दर वर्षी येतो. पैसे कापले गेले हे खरं, पण नव्या पद्धतीत त्याची वजावट मिळत नाही, एवढंच.

४. वजावट: दोन रकान्यांतला उजवा

प्रकरण सहा-ए ची वजावट खाली असते. ८०सी, ८०डी वगैरे. इथे प्रत्येक ओळीला दोन रकमा असतात: एक तुम्ही गुंतवलेली, दुसरी कायद्याने वजा होणारी. फोटोत बहुतेक लोक पहिली उचलतात, कारण ती आधी दिसते.

भाचीच्या ८०सी मध्ये पीएफ ५०,४००, पीपीएफ १,००,००० आणि विम्याचा हप्ता १२,०००, मिळून १,६२,४००. पण ८०सी ची मर्यादा १,५०,०००, म्हणून उजवीकडे १,५०,०००. उरलेले १२,४०० या वर्षीही कामाचे नाहीत आणि पुढच्या वर्षीही जात नाहीत. ८०डी मध्ये तिच्या आरोग्य विम्याचे ११,३००, दोन्ही रकान्यांत सारखेच. उजव्या रकान्याची बेरीज १,६१,३००.

६,८०,१०० वजा १,६१,३०० = ५,१८,८००, करपात्र उत्पन्न.

नव्या पद्धतीचा फॉर्म असेल तर हा भाग जवळजवळ रिकामा दिसेल. मालक तुमच्या एनपीएसमध्ये भरतो ती ८०सीसीडी(२) ची रक्कम सोडली तर नोकरदाराला तिथे फारसं काही नसतं. पीएफ कापला गेला असला तरी नव्या पद्धतीत ८०सी मागता येत नाही.

५. आधीच भरलेला कर: भाग ए, भाग बी नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. भाग बीच्या शेवटी 'नेट टॅक्स पेएबल' अशी ओळ असते. तो वर्षाचा हिशेबाने आलेला कर आहे, भरलेला नाही. कधी कधी दोन्ही आकडे सारखे असतात, त्यामुळे चूक लपून राहते. भरलेला कर नेहमी भाग एच्या तिमाही तक्त्यातून घ्यायचा. त्यात तीन रकाने असतात: दिलेला पगार, कापलेला कर, आणि सरकारजमा केलेला कर. शेवटचे दोन सारखे असले पाहिजेत.

आधी हिशेबाचा कर पाहू. जुन्या पद्धतीत अडीच लाखांपर्यंत शून्य, अडीच ते पाच लाखांवर ५ टक्के म्हणजे १२,५००, आणि वरच्या १८,८०० वर २० टक्के म्हणजे ३,७६०. झाले १६,२६०. त्यावर ४ टक्के उपकर ६५०. एकूण १६,९१०.

भाग एमध्ये फोटोवरून मी वाचलं ते असं: ४,२३०, ४,२३०, ४,२८०, ४,२२०. बेरीज १६,९६०. खाली छापलेली बेरीज मात्र १६,९१०. पन्नासचा फरक.

६. चुकलेला आकडा फरकावरून पकडा

जुन्या मुनीमांची ही रीत फोटोसाठी फार कामाची आहे. तुमची बेरीज आणि छापलेली बेरीज जुळत नसेल तर परत परत बेरीज करत बसू नका, फरक पाहा.

३ आणि ८ ची गल्लत झाली तर फरकात ५ येतो: ५, ५०, ५००, ज्या घरात गल्लत असेल तसा. आमचा फरक ५०, म्हणजे दशकाच्या घरातला ३ किंवा ८. तिसऱ्या तिमाहीत ४,२८० नव्हे, ४,२३० होते. फोटो मोठा करून पाहिलं, तेच निघालं. १ आणि ७ ची गल्लत असेल तर फरकात ६ येतो. ५ आणि ६ ची असेल तर १.

फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्या. ६,८०,१०० च्या जागी ६,०८,१०० उतरवलंत तर फरक ७२,०००, त्याला ९ ने भाग जातो. हा पुरावा नव्हे, पण कुठे शोधायचं ते कळतं.

भाग बीमध्येही प्रत्येक पायरीला छापलेली बेरीज किंवा वजाबाकी असतेच. प्रत्येक ओळ कॅल्क्युलेटरवर ताडून पाहा. सगळ्या बेरजा बसल्या की फोटो कितीही कळकट असला तरी वाचन बरोबर आहे असं समजायला हरकत नाही.

७. आता सरकारकडे काय दिसतंय ते पाहा

फॉर्म १६ हा मालकाचा शब्द. सरकारजमा झालेला कर फॉर्म २६एएस मध्ये दिसतो. पोर्टलवर लॉगिन करून या वाटेने जा:

`e-File → Income Tax Returns → View Form 26AS`

तिथून ट्रेसेसवर नेतात. मालकाच्या टॅनखाली तुमची कलम १९२ ची, म्हणजे पगारावरच्या टीडीएसची, नोंद शोधा आणि बेरीज १६,९१० येते का पाहा. नोंदीपुढे `F` असेल तर सगळं जुळलं. `U` असेल तर मालकाने भरलेलं चलन अजून जुळलेलं नाही. कापला पण दिसत नाही, किंवा कमी दिसतोय, असं असेल तर रिटर्न भरायची घाई न करता ऑफिसात लेखी मेल टाका की टीडीएसचं तिमाही विवरण दुरुस्त करा. कापलेला कर खातं पुन्हा तुमच्याकडून वसूल करू शकत नाही, कायदा त्यात तुमच्या बाजूने आहे. पण नोंद नसेल तर जमा देताना यंत्रणा अडते आणि पत्रव्यवहार तुमच्या गळ्यात पडतो.

त्याच पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, आहे. त्यात बँकेचं व्याज दिसतं. भाचीच्या बचत खात्यावर २,१४० व्याज होतं, ते फॉर्म १६ मध्ये कुठेच नव्हतं, कारण तिने ऑफिसात सांगितलं नव्हतं. ते उत्पन्नात धरायचं, आणि जुन्या पद्धतीत ८०टीटीए खाली तेवढंच वजा (मर्यादा १०,०००). मुदत ठेवीच्या व्याजाला ही सूट नाही.

८. फॉर्ममध्ये नसलेलं, पण हक्काचं

कागद पूर्ण झाल्यावर भाचीला विचारलं, "ऑफिसात न दिलेला काही खर्च आहे का?" तर आईबाबांच्या आरोग्य विम्याचा २१,००० चा हप्ता तिने तिच्या खात्यातून ऑनलाइन भरला होता. जानेवारीत पुरावे मागितले तेव्हा द्यायचा राहिला. ऑफिसात दिला नाही म्हणून हक्क जात नाही, रिटर्नमध्ये मागता येतो. ८०डी मध्ये आईवडिलांची मर्यादा वेगळी २५,००० (ज्येष्ठ असतील तर ५०,०००), अट एवढीच की हप्ता रोखीने भरलेला नसावा.

५,१८,८०० मधून २१,००० गेले, ४,९७,८०० उरले. पाच लाखांच्या आत आल्यामुळे कलम ८७ए ची सूट लागू झाली. १२,३९० चा कर होत होता, तो शून्य झाला, आणि कापलेले १६,९१० सगळे परताव्याला पात्र झाले. पण पावती हातात असेल तरच हे मागा. आकारणी वर्ष २०२५-२६ पासून फॉर्म विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक विचारतो, भाड्याचा तपशीलही विचारतो. 'परतावा काढून देतो' म्हणणारे दलाल जे आकडे घुसडतात, ते इथेच पकडले जातात आणि नोटीस तुमच्या नावाने येते.

९. दोन खड्डे

जुन्या पद्धतीवाल्यांनो, रिटर्नमध्ये आपोआप नवी पद्धत धरलेली असते. बाहेर पडण्याचा पर्याय स्वतः निवडला नाही तर वजावटी गायब होतात. भाचीच्या बाबतीत नव्या पद्धतीने कर २७,२२० दाखवत होता, म्हणजे वरून आणखी १०,३१० तरी भरा असं स्क्रीन म्हणत होती. ती रक्कम भरायची नाही, पर्याय बदलायचा. हा पर्याय मुदतीच्या आत भरलेल्या रिटर्नलाच मिळतो. मुदत साधारण ३१ जुलै असते, कधी वाढवतात. २०२५ मध्ये वाढवली होती, पण त्या भरवशावर बसू नका.

दुसरा खड्डा नोकरी बदललेल्यांचा. दोन्ही मालकांनी आपापल्या फॉर्ममध्ये पूर्ण प्रमाणित वजावट दिलेली असते, आणि करमुक्त मर्यादाही दोघांनी धरलेली असते. तुमच्या कागदावर दोन्ही पगार एकत्र करा, वजावट एकदाच घ्या, भरलेला कर दोन्ही भाग ए मधून बेरीज करून घ्या. बहुतेक वेळा थोडा कर भरायचा निघतो. नव्या ऑफिसात रुजू होताना जुन्या पगाराचा तपशील दिला असेल तर तो फॉर्मच्या 'इतर मालकाकडून मिळालेला पगार' या ओळीत दिसेल. तिथे शून्य असेल तर हिशेब तुम्हालाच करावा लागेल.

भाचीचा शेवटचा कागद असा होता, आणि रिटर्नवर बसल्यावर समोर एवढंच ठेवलं:

- पद्धत: जुनी. आकारणी वर्ष २०२५-२६
- उत्पन्न: पगाराखाली ६,८०,१००, बचत खात्याचं व्याज २,१४०
- वजावट: ८०सी १,५०,०००, ८०डी ११,३०० + २१,०००, ८०टीटीए २,१४०
- करपात्र: ४,९७,८००, कर शून्य
- भरलेला कर: १६,९१०, २६एएस शी जुळला

परतावा ज्या खात्यात यायचा ते खातं पोर्टलवर आधी 'व्हॅलिडेट' करून घ्या. आणि रिटर्न पाठवल्यावर तीस दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने पडताळणी करा, नाहीतर ते वेळेत भरलेलं धरत नाहीत.